प्लॉटच्या जाहिरातीत गच्चीवरचे आणि ड्रोनचे फोटो: तळं फार जवळ दिसतंय आणि शेजारी चिडलेत

अंगणवेल
नमस्कार मंडळी. भावाचा प्लॉट विकायचा आहे आणि जाहिरातीचं काम माझ्या गळ्यात आलंय. प्लॉट रिकामा आहे, २० मीटर रुंद आणि ३० मीटर खोल, अरुंद बाजू रस्त्याला. जमिनीवर उभं राहून फोटो काढला की नुसतं गवत दिसतं, त्यामुळे समोरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेले आणि फोनने फोटो काढले. शिवाय एका मित्राने त्याच गच्चीवरून ड्रोन उडवून चार फोटो दिले. सगळे जाहिरातीत टाकले, प्लॉटभोवती लाल रेघही मारली.

आता तक्रारी ऐका. पाहायला आलेल्या पहिल्याच कुटुंबाने विचारलं, "फोटोत प्लॉट आडवा होता, हा तर उभा आहे. आणि तळं कुठे गेलं?" तळं आहे, पण प्लॉटपासून जवळजवळ एक किलोमीटरवर. आम्ही कुठेही "तलावालगत" लिहिलेलं नाही. तरी त्यांच्या चेहऱ्यावर फसवल्याचा भाव होताच.

दुसरं, ज्यांच्या गच्चीवर गेले त्या काकू चिडल्यात. त्यांच्या घराची बेल वाजवून दोनतीन जणांनी "प्लॉट दाखवा" म्हटलं. शिवाय एका फोटोत त्यांचे वाळत घातलेले कपडे आहेत. मी आधी विचारलं होतं, त्या "या ना, काढा फोटो" म्हणाल्याही होत्या. माझं चुकलं कुठे? आणि जाहिरातीखाली परवानगीबद्दल काही टीप लिहायची पद्धत असते का?

साधासुधा
गच्ची विकता येत नाही हो वेगळी. इमारतीतल्या सगळ्यांची सही लागते. आमच्याकडे एकाने परस्पर मोबाईल टॉवरला दिली होती, अजून भांडण चालू आहे.

अंगणवेल
साधासुधा, गच्ची नाही विकत आहे, गच्चीवरून फोटो काढलाय. :)

साधासुधा
अच्छा. मग चालू द्या.

वाऱ्यावरची_स्वारी
ड्रोनची काळजी सोडा. मित्राचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असेल तर परवानगीबिरवानगी काही लागत नाही. मी चार वर्षं उडवतोय, एकदाही कुणी विचारलं नाही.

तळं जवळ दिसण्याचं कारण सरळ आहे. फोनमध्ये झूम केलं असणार. झूम केलं की मागच्या गोष्टी पुढे ओढल्या जातात. झूम न करता काढा, तळं जागेवर जाईल.

मोजपट्टी
मी मोजणीचं काम करतो, त्यामुळे आधी तळ्याबद्दल बोलतो. परवानगीकडे नंतर येऊ.

झूमला दोष देणं अर्धंच बरोबर आहे. एकाच जागी उभं राहून एक फोटो झूमने काढा, दुसरा झूमशिवाय काढून नंतर कापा. दोन्हींत तळं आणि प्लॉट यांचं एकमेकांशी असलेलं नातं तंतोतंत तेच राहील. झूम फक्त आजूबाजूचं बाहेर टाकतो, त्यामुळे डोळ्याला अंतर जोखायला आधार उरत नाही. खरा दोष कॅमेऱ्याच्या उंचीत आहे.

अंगणवेल, गच्चीपासून प्लॉटची पुढची हद्द किती लांब आहे? आणि तळं नेमकं किती?

अंगणवेल
मधे रस्ता आणि एक मोकळी जागा आहे. नकाशावर मोजलं तर पुढच्या हद्दीपर्यंत ४० मीटर. तळ्याचा काठ गच्चीपासून सरळ रेषेत ९०० मीटर. प्लॉटच्या मागे सगळं मोकळं रान असल्यामुळे पाणी स्पष्ट चमकतं.

मोजपट्टी
झकास, हिशेब करता येतो. चौथ्या मजल्यावरची गच्ची म्हणजे कॅमेरा साधारण १२ मीटरवर धरू.

तिथून पुढच्या हद्दीकडे पाहायला नजर क्षितिजाखाली सुमारे १७ अंश झुकवावी लागते. मागची हद्द ७० मीटरवर, तिच्यासाठी सुमारे १० अंश. म्हणजे ३० मीटर खोलीचा अख्खा प्लॉट फोटोत उभ्या दिशेने फक्त ७ अंशांत बसला. रुंदी मात्र २० मीटर असूनही प्लॉटच्या मध्यावर २० अंशांची दिसते. म्हणून खोल प्लॉट त्या कुटुंबाला आडवा दिसला. त्यांचं काही चुकलं नाही.

आता तळं. १२ मीटरवरून ९०० मीटरवरचा काठ क्षितिजाखाली एका अंशापेक्षाही कमी झुकावावर येतो. म्हणजे प्लॉटच्या मागच्या हद्दीपासून तळ्यापर्यंतची ८३० मीटर जमीन फोटोत ९ अंशांत दाबली गेली. ३० मीटरला ७ अंश आणि ८३० मीटरला ९. पाहणाऱ्याला वाटतं, प्लॉट ओलांडला, तेवढंच अजून चाललं की पाणी.

त्याच गच्चीवर ड्रोन ६० मीटर वर नेला तर चित्र बदलतं. तिथून प्लॉट १५ अंशांचा दिसेल आणि त्याच्यापासून तळ्यापर्यंतची जमीन ४१ अंशांची. अजूनही खऱ्या प्रमाणात नाही, पण "मधे बरंच काही आहे" हे पाहणाऱ्याला कळतं. अंतर दाखवायचं असेल तर गच्चीवरचा फोटो वापरूच नका. तो इतर कामाला चांगला आहे, सांगतो पुढे.

काळी_मांजर
एवढी डोकेफोड कशाला? नकाशाच्या ॲपमधला उपग्रहाचा फोटो उचला, स्क्रीनशॉट काढा, टाका. वरून दिसतं, फुकट, कुणाच्या गच्चीवर जायला नको.

मोजपट्टी
काळी_मांजर, लोक करतात तसं. पण ती प्रतिमा कोणाच्या तरी मालकीची असते आणि जाहिरातीसाठी वापरायच्या अटी प्रत्येक सेवेच्या वेगळ्या असतात. खालचं श्रेय कापून टाकणं तर हमखास चुकीचं. आणि प्रतिमा कधीची आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. रान मोकळं दिसतं आणि प्रत्यक्षात तिथे इमारतीचा पाया खणलेला असतो. त्यापेक्षा नकाशाचा दुवा द्यावा, घेणारा स्वतः उघडून पाहील.

घरघेता
मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूचा. मागच्या वर्षी एक प्लॉट ड्रोनच्या फोटोंवर भाळून बघायला गेलो. वरून काढलेले सुंदर फोटो, हिरवंगार. जागेवर उभं राहिलो तर डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा. चारही फोटोंत एकही तार नव्हती. विक्रेता म्हणे, आम्ही काही खोडलं नाही. मला अजून पटत नाही.

मोजपट्टी
घरघेता, बहुधा तो खरं बोलत होता, आणि गच्चीच्या फोटोचा उपयोग इथेच आहे.

सरळ खाली पाहणाऱ्या ड्रोनच्या फोटोत जमिनीचा किती भाग येतो त्याचा एक ढोबळ आडाखा आहे. अशा ड्रोनांची रुंद लेन्स उंचीच्या साधारण दीडपट रुंदीची जमीन टिपते. ६० मीटरवरून ९० मीटर. फोटो ४००० ठिपके रुंद असेल तर एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सव्वादोन सेंटीमीटर. तारही जेमतेम तेवढ्याच जाडीची, मागे गवत आणि मातीचा कचकचाट. साइटवर चढवताना फोटो लहान होतो, तेव्हा ती पार विरघळते. मनोऱ्यांच्या सावल्या तेवढ्या राहतात. पुढच्या वेळी जमिनीवर जाळीदार सावली दिसते का ते शोधा.

गच्चीवरून नजर आडवी जाते, तारांच्या मागे आकाश येतं आणि त्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. तारा, शेजारच्या इमारतींची उंची, समोरचा चढ हे गच्चीवरून दिसतं, सरळ वरून नाही. वरून जमीन कायम सपाटच भासते. मी स्वतः अशा फोटोवर उतार ओळखायला चुकलोय.

म्हणून जाहिरातीत दोन्ही असावेत. एक सरळ खाली पाहणारा, आकार आणि रस्त्याशी नातं दाखवायला. एक गच्चीचा, शेजार दाखवायला.

वाऱ्यावरची_स्वारी
झूमचं मान्य. पण ६० मीटर म्हणालात, ते स्क्रीनवरचे ६० ना?

मोजपट्टी
बरं विचारलंत. स्क्रीनवरचा आकडा बहुतेक ड्रोनमध्ये उड्डाण जिथून केलं तिथपासूनचा असतो. मित्राने गच्चीवरून उडवला, म्हणजे स्क्रीनवर ६० तेव्हा जमिनीपासून ७२. वरचे १५ आणि ४१ अंश मी ७२ धरूनच काढलेत. जमिनीचा पट्टाही मग ९० च्या जागी १०८ मीटरचा.

फोटोपुरतं हे किरकोळ आहे. पण बऱ्याच देशांत वरची मर्यादा १२० मीटर किंवा ४०० फूट आहे आणि ती जमिनीपासून मोजतात. गच्चीवरून उडवून स्क्रीनवर ११५ दाखवणारा माणूस स्वतःला नियमात समजतो आणि प्रत्यक्षात १२७ वर असतो.

खडूस_भाडेकरू
मी वेगळ्या बाजूने लिहितेय. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. गेल्या महिन्यात शेजारची जागा विकायला काढली आणि एक ड्रोन आमच्या बाल्कनीसमोर चांगला मिनिटभर थांबला. मी ओल्या केसांनी उभी. नंतर जाहिरातीत पाहिलं तर मी आहे, ठिपक्याएवढी, पण ओळखू येते. कपड्यांचा रंग, बाल्कनीतली झाडं, सगळं. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, "त्यांनी माझी परवानगी घेतली होती."

त्यांची घेतली. माझी कुणी घेतली? तुमच्या काकू चिडल्या यात मला तरी नवल वाटत नाही.

अंगणवेल
खडूस_भाडेकरू, वाचून वाईट वाटलं. खरं सांगते, कपड्यांचा फोटो टाकताना माझ्या मनात हे आलंच नव्हतं. मी प्लॉट बघत होते, बाकी सगळं मला पार्श्वभूमी वाटत होतं.

मोजपट्टी
काकूंच्या बाबतीत अंगणवेल यांचं कुठे चुकलं ते आता बोलू. "या ना, काढा फोटो" ही गच्चीवर चढायची परवानगी झाली. फोटो जगासमोर ठेवायची नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी उड्डाणाची. चौथी फोटो ज्याने काढला त्याची. मित्राने फोटो दिले म्हणजे जाहिरातीत वापरायचा हक्क आपोआप दिला असं बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात होत नाही. चार ओळींचा निरोप त्याच्याकडून घेऊन ठेवा.

आणि लोक काकूंच्याच दारात कसे गेले? मूळ फाइल पाठवली होती का कुणाला?

अंगणवेल
हो, दोघातिघांना मोठा फोटो हवा होता म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. का?

मोजपट्टी
मग उलगडलं. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असते, आणि ती कॅमेरा जिथे होता तिथली, समोर जे दिसतंय तिथली नाही. तुमच्या फाइलमध्ये काकूंच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश आहेत. घेणाऱ्याने ते नकाशात उघडले आणि बाण त्यांच्या घरावर पडला. जाहिरातींच्या अनेक साइट फोटो चढवताना ही नोंद काढून टाकतात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी जाते. पाठवण्याआधी फोनमधून ठिकाण काढून टाका. प्लॉटचं ठिकाण वेगळं, नकाशाच्या दुव्याने द्या.

घरघेता
हे भारी आहे. मी पण एकदा असा कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभा राहिलो होतो. कुत्रं सुटलं होतं.

वाऱ्यावरची_स्वारी
उड्डाणाबद्दल माझं म्हणणं कायम आहे. २५० ग्रॅमच्या आत काही लागत नाही. नियमातच लिहिलंय.

मोजपट्टी
कुठल्या नियमात? हा आकडा बऱ्याच ठिकाणी आहे, पण सूट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या गोष्टीची आहे. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या हवाई नकाशावर लाल दाखवलेल्या भागात तो ड्रोन उडवायला केंद्र सरकारची परवानगी लागतेच. युरोपीय संघात २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कॅमेरा असेल तर चालवणाऱ्याने नोंदणी करायची असते. आणि अमेरिकेत वजनापेक्षा उद्देश बघतात. मालमत्ता विकायला मदत म्हणून काढलेला फोटो हा छंद धरला जात नाही, तिथे पार्ट १०७ या ड्रोनच्या नियमाखालचं पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ड्रोन केवढाही लहान असो आणि मित्राने एक पैसाही घेतलेला नसो.

तुम्हाला चार वर्षांत कुणी विचारलं नाही हे मान्य. पण तुम्ही जाहिरातीत फोटो टाकलात की तारीख, जागा आणि अंदाजे उंची सगळं छापून दिल्यासारखंच आहे.

वाऱ्यावरची_स्वारी
हे उद्देशाचं माहीत नव्हतं. मी छंद म्हणूनच उडवतो, पण दोन ओळखीच्यांना घराचे फोटो काढून दिलेत. बघतो.

काळी_मांजर
लाल रेघेबद्दल कुणी बोलत नाही? मला त्यातच सगळ्यात जास्त लोचा दिसतोय. तिरक्या फोटोवर मारलेली रेघ म्हणजे पुढच्या भांडणाची सोय.

मोजपट्टी
काळी_मांजर, इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

१२ मीटर उंचीवरून प्लॉटच्या पुढच्या हद्दीवर रेघ एक अंश चुकली तर जमिनीवर अडीच मीटरची चूक होते. मागच्या हद्दीवर तोच एक अंश सात मीटरच्या वर जातो. फोनच्या नेहमीच्या फोटोत एक अंश म्हणजे पन्नास-साठ ठिपके. बोटाने ओढलेली जाड रेघ सहज वीस ठिपक्यांची असते. म्हणजे मागच्या हद्दीवर नुसती रेघेची जाडीच अडीच मीटर झाली. त्यात शेजाऱ्याचं झाड आत आलं की बाहेर राहिलं, कोण सांगणार?

ड्रोनच्या सरळ फोटोत रेघ बरी बसते, पण प्लॉट मधोमध ठेवला तरच. कडेला गेलेली उंच वस्तू बाहेरच्या बाजूला कललेली दिसते. ६० मीटरवरून काढलेल्या फोटोत मध्यापासून ४० मीटरवरचं १२ मीटर उंच झाड असेल तर त्याचा शेंडा बुंध्यापासून १० मीटर पलीकडे पडलेला दिसतो. अशा एका झाडाखाली पोचरस्ता पूर्ण झाकलेला मी पाहिलाय. घेणाऱ्याला वाटलं रस्ताच नाही.

अंगणवेल
मग रेघ मारूच नको? रेघेशिवाय त्या गवतात आमचा प्लॉट कुठला हे देवालाही कळणार नाही.

मोजपट्टी
मोजणी झाली आहे का? हद्दीच्या खुणा जागेवर आहेत का?

अंगणवेल
हो, चारही कोपऱ्यांना दगड आहेत. गवतात बुडालेत पण आहेत.

मोजपट्टी
मग सोपं आहे. फोटो काढायच्या दिवशी चारही दगडांवर खूण ठेवा, म्हणजे अंदाजाने रेघ मारावी लागणार नाही. फक्त खूण कॅमेऱ्याप्रमाणे बदलायची. ड्रोनसाठी मीटरभर रुंद पांढरं कापड जमिनीवर अंथरा, कोपऱ्यांवर दगड ठेवून, नाहीतर उडतं. गच्चीसाठी ते कापड निरुपयोगी. ७० मीटरवरून आडवं पडलेलं कापड फोटोत जेमतेम आठ ठिपक्यांची चपटी रेघ होतं, आणि गवत उंच असेल तर तेही नाही. गच्चीसाठी दोन मीटरचा बांबू उभा करा, टोकाला फडकं बांधा. उलट बांबू वरून ड्रोनला दिसत नाही. दोन्ही एकदमच लावा आणि एका सकाळी काम उरका.

रेघ फक्त सरळ फोटोवर मारा. गच्चीच्या फोटोवर चार कोपऱ्यांना १, २, ३, ४ आकडे लावा, रेघ नको. आणि "अंदाजे, मोजणीचा नकाशा प्रमाण" असं फोटोवरच लिहा. खालच्या मजकुरात लिहिलेलं फोटो पुढे पाठवला की गळून पडतं.

घरघेता
मला घेणारा म्हणून लाल रेघ हवी असते, अंदाजे का होईना. आकड्यांवरून बायकोला समजावणं जड जाईल. दोन्ही फोटोंवर रेघ ठेवा आणि अंदाजे लिहा, काय बिघडतं?

काळी_मांजर
घेताना काही नाही बिघडत. दोन वर्षांनी कुंपण घालायला जाल तेव्हा कुणीतरी तो फोटो काढून दाखवेल.

घरघेता
फोटो दाखवून कुंपण हलत नाही हो. मोजणीच चालते.

काळी_मांजर
कोर्टात मोजणी चालते. बांधावर फोटो चालतो.

अंगणवेल
बरं, रेघेवर भांडू नका, मी आकडेच लावते. काकूंना पाठवायचा निरोप लिहिलाय, बघा जमतोय का:

"काकू, तुमच्या गच्चीवरून काढलेले फोटो मी तुम्हाला न दाखवता जाहिरातीत टाकले आणि मूळ फाइलही काही जणांना पाठवली, त्यामुळे लोक तुमच्या दारात आले. माझी चूक झाली. ते फोटो आज काढून टाकते आणि ज्यांना फाइल पाठवली त्यांना प्लॉटचा खरा पत्ता कळवते. परवा सकाळी पुन्हा एकदा गच्चीवर येऊ का? अर्धा तास लागेल. कॅमेरा फक्त प्लॉटकडे असेल. टाकण्याआधी प्रत्येक फोटो तुम्हाला पाठवीन, तुमच्या घराचा भाग दिसला तर कापीन. प्लॉट विकला गेला किंवा सहा महिने झाले की फोटो काढून टाकीन. मधेच नको वाटलं तर नुसतं 'काढ' म्हणा."

मोजपट्टी
छान आहे. एकच भर. ड्रोनही त्यांच्या गच्चीवरूनच उडाला होता. ते निरोपात नाही. परवा ड्रोन असेल तर स्पष्ट लिहा, नसेल तर "ड्रोन नाही" असं लिहा. आणि उडवायचाच असेल तर या वेळी प्लॉटमधूनच उडवा. भावाची जमीन, भावाची परवानगी, उंचीचा हिशेबही सरळ. त्या दिवशीचा हवाई नकाशा मित्राला सकाळी पाहायला सांगा, तात्पुरती बंदी आदल्या रात्रीही लागू शकते.

खडूस_भाडेकरू
निरोप चांगला आहे. पण मला एक सांगा, काकू त्या इमारतीच्या एकट्या मालक आहेत का? चार मजले म्हणजे बाकी बिऱ्हाडं असणार. गच्ची सगळ्यांची असेल तर काकूंचं "हो" पुरतं का?

अंगणवेल
बाकी तीन कुटुंबं आहेत. खरंय, त्यांना विचारलेलंच नाही.

साधासुधा
म्हटलं होतं ना, सगळ्यांची सही लागते. :)

मोजपट्टी
साधासुधा, या वेळी तुमचं बरोबर आलं, जरा वळसा घालून. सही नको, पण गच्ची सामाईक असेल तर इमारतीची समिती किंवा जो कोणी व्यवहार पाहतो त्याच्याकडून लेखी होकार घ्यावा. प्रत्येक भाडेकरूचा घ्यायचा का, यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. मी तरी फोटोत कुणाचंही घर येणार नाही अशी चौकट धरतो, म्हणजे तो प्रश्न लहान होतो.

खडूस_भाडेकरू
लहान होतो, संपत नाही. ड्रोन बाल्कनीसमोर मिनिटभर थांबला हा त्रास मला फोटोच्या आधीच झाला होता. चौकट नंतर कापून तो मिनिट परत मिळत नाही.

वाऱ्यावरची_स्वारी
हे खरंय. आम्ही उडवणारे स्क्रीनकडे बघत असतो, समोरच्या बाल्कनीत कोण आहे ते कळत नाही. मी आता थेट प्लॉटवर उभा चढवतो, वरती फिरवतो आणि तसाच सरळ उतरवतो. बाजूला सरकायचं नाही. आणि आजूबाजूच्या दोनचार घरांना आदल्या दिवशी वेळ सांगतो. खिडक्या बंद करायची सवड तरी मिळते.

अंगणवेल
दोन दिवसांनी आले. काकू मवाळ झाल्या. समितीच्या काकांनी मेसेजवर होकार दिला, अट एकच, सकाळी नऊच्या आत. ड्रोन प्लॉटमधून उडवला, बांबू लावले, कापडं अंथरली (एक उडालंच). तिसरा कोपरा गवतात सापडायला पाऊण तास गेला.

जाहिरातीखाली ही टीप टाकतेय:

"फोटो १: ड्रोनने प्लॉटच्या मध्यावरून, जमिनीपासून सुमारे ६० मीटर उंचीवरून, सरळ खाली. वरची बाजू उत्तर. लाल रेघ कोपऱ्यांच्या दगडांवर ठेवलेल्या खुणांवरून मारली आहे, तरी अंदाजे समजावी, मोजणीचा नकाशा प्रमाण. फोटो २: समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून, सुमारे १२ मीटर उंचीवरून. वरची बाजू उत्तर. या कोनातून प्लॉट प्रत्यक्षापेक्षा आखूड आणि मागचं तळं फार जवळ दिसतं. तळं प्लॉटच्या मागच्या हद्दीपासून सरळ रेषेत सुमारे ८३० मीटरवर आहे, प्लॉटला लागून नाही. दोन्ही फोटो याच आठवड्यातले. गच्चीवरचा फोटो इमारतीच्या समितीच्या परवानगीने, ड्रोनचा जागामालकाच्या परवानगीने आणि उड्डाणाच्या नियमांनुसार. फोटो काढणाऱ्याची वापरास संमती आहे. कृपया गच्चीच्या इमारतीत चौकशी करू नये."

घरघेता
शेवटची ओळ वाचून काकू खूश होतील. तळ्यापर्यंत रस्त्याने किती हेही लिहा. सरळ रेषेत पक्षी जातात.

अंगणवेल
रस्त्याने दीड किलोमीटर भरतं. टाकते.

मोजपट्टी
सगळं ठीक, फोटो २ मध्ये "वरची बाजू उत्तर" काढा. तिरक्या फोटोला वरची बाजू नसते, तिथे वर आकाश असतं. कॅमेरा कुठल्या दिशेला पाहतो ते लिहायचं. तळं कुठल्या दिशेला आहे?

अंगणवेल
ईशान्येला. मग "कॅमेरा ईशान्येकडे पाहतो".

मोजपट्टी
बरोबर. आणि "नियमांनुसार" असं लिहिलंत, तर मित्राची नोंदणी आणि त्या सकाळच्या हवाई नकाशाचा स्क्रीनशॉट ठेवलाय ना तुमच्याकडे?

अंगणवेल
नोंदणीचा फोटो आहे. नकाशा त्याने पाहिला म्हणाला, स्क्रीनशॉट विचारते.

खडूस_भाडेकरू
आणि इमारतीतल्या बाकी तीन बिऱ्हाडांना वेळ कळवली होती का?

अंगणवेल
दोघांना. तिसरं दार बंद होतं, चिठ्ठी सरकवली.